साडेचार वर्षांचा गैरसमज आणि २४० दिवसांचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश वारंवार फिरतो. 'नोकरीला साडेचार वर्षं झाली की ती पाच धरली जातात, ग्रॅच्युइटी मिळते, कायद्यात तसं लिहिलं आहे.' अनेक कार्यकर्ते तो विश्वासाने पुढे पाठवतात. त्यावर भरवसा ठेवून एखादा सफाई कामगार चार वर्षं सात महिन्यांनी राजीनामा देतो आणि नंतर त्याला एक रुपयाही मिळत नाही. मालक हसतो, कारण या ठिकाणी कायदा मालकाच्या बाजूने असतो.

संदेश पूर्ण खोटा नाही. म्हणूनच तो जास्त घातक आहे. सहा महिन्यांचा नियम कायद्यात आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ग्रॅच्युइटी कायदा १९७२ दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. पहिला प्रश्न: या कामगाराला ग्रॅच्युइटी मिळेल का? दुसरा: मिळणार असेल तर किती? सहा महिन्यांपेक्षा जास्त अपुरं वर्ष पूर्ण धरण्याचा नियम फक्त दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्या प्रश्नाला वेगळा हिशेब लागतो आणि तो दिवसांत करावा लागतो.

कलम ४ नीट वाचलं की हे दिसतं. त्याच्या पहिल्या उपकलमात पात्रता आहे: किमान पाच वर्षं अखंड सेवा झाल्यावर निवृत्ती, राजीनामा किंवा अन्य कारणाने नोकरी संपली तर ग्रॅच्युइटी. मृत्यू झाला किंवा अपघाताने, आजाराने अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही. आपल्या लोकांना हा अपवाद तोंडपाठ पाहिजे. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या कामगाराची नोकरी दोन वर्षांची असली तरी त्याच्या वारसाचा हक्क उभा राहतो. दुसऱ्या उपकलमात रक्कम आहे: प्रत्येक पूर्ण वर्षासाठी, आणि सहा महिन्यांहून जास्त असलेल्या अपुऱ्या वर्षासाठी, शेवटच्या पगाराच्या दराने पंधरा दिवसांचा पगार. 'सहा महिन्यांहून जास्त' हे शब्द इथेच आहेत. पहिल्या उपकलमात ते नाहीत.

म्हणजे सात वर्षं सात महिने काम केलेल्याची आठ वर्षं धरली जातात. सात वर्षं पाच महिने असतील तर सातच. नेमके सहा महिने झाले असतील तरीही सातच, कारण कायदा 'सहा महिन्यांहून जास्त' म्हणतो. पण हे सगळं पाच वर्षांची अट पार केलेल्यासाठी आहे. जो ती पार करू शकला नाही त्याच्या सात महिन्यांना गोळाबेरजेचा फायदा नाही.

मग चार वर्षं आणि काही महिने काम करून नोकरी सोडणाऱ्याला काहीच आधार नाही का? आहे. तो कलम २-अ मध्ये आहे. 'अखंड सेवा' म्हणजे काय ते हे कलम सांगतं. ज्या वर्षात कामगाराने २४० दिवस काम केलं ते वर्ष अखंड सेवेचं एक वर्ष मानलं जातं. खाणीत जमिनीखाली काम असेल किंवा आस्थापना आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालत असेल तर हा आकडा १९० आहे. मेत्तूर बिअर्डसेल कंपनीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने हाच आधार घेतला. त्या कर्मचाऱ्याची सेवा चार वर्षं दहा महिने अठरा दिवस होती. पाचव्या वर्षात त्याचे २४० दिवस भरले होते, म्हणून पाचवं वर्ष पूर्ण मानून न्यायालयाने त्याला पात्र ठरवलं. हा निकाल उच्च न्यायालयाचा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा नाही. मालकाचा वकील त्याला विरोध करतोच. तरी दावा उभा करायला हा भक्कम पाया आहे. साडेचार वर्षांच्या संदेशाला असा कोणताही पाया नाही.

आता हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. समजा, एका खाजगी इस्पितळात एका कंत्राटदाराकडे सफाईचं काम करणारी एक बाई आहे. ती १० जून २०१९ ला लागली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला तिने काम सोडलं. कंत्राटदार तोच राहिला आणि त्याच्याकडे दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे कायदा लागू आहे. ९ जून २०२३ ला तिची चार वर्षं पूर्ण झाली. वादाचा भाग पुढचा आहे: १० जून २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२४. दिनदर्शिकेवर हे २६४ दिवस होतात, साडेआठ महिन्यांहून थोडे जास्त.

२६४ म्हणजे २४० हून जास्त, मग संपलं, असं वाटेल. कंत्राटदाराचा लेखापाल इथेच मधे पडतो. या काळात ३८ रविवार येतात. तो म्हणतो, रविवारी ती कामाला आली नाही, ते वजा करा. २६४ मधून ३८ गेले की २२६ उरतात. त्यात ती नऊ दिवस तापाने घरी होती, तेही गेले तर २१७. 'बाई, तुमचे २४० भरत नाहीत.' कागदावर त्याचा हिशेब बरोबर दिसतो आणि बाई परत जाते.

पण रविवार वजा करायचे की नाही, हा सुटीचा नव्हे, पगाराचा प्रश्न आहे. अमेरिकन एक्सप्रेसच्या कामगारांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्यातल्या याच २४० दिवसांचा अर्थ लावला. 'प्रत्यक्ष काम केलेले दिवस' म्हणजे केवळ हात चालवलेले दिवस नव्हेत. कायद्याने किंवा कराराने ज्या रविवारांचा आणि सुट्यांचा पगार मिळतो तेही त्यात धरायचे, असं न्यायालय म्हणालं. आपली बाई महिन्याच्या पगारावर असेल आणि पगारातून रविवार कापला जात नसेल, तर तिचे ३८ रविवार तिच्या खात्यात येतात. २६४ मधून आजारपणाचे नऊ बिनपगारी दिवस वजा केले तरी २५५ उरतात. ती पात्र आहे.

ती रोजंदारीवर असेल आणि रविवारचा रोज कधीच मिळाला नसेल, तर चित्र उलटतं. काम तेच, जिने तेच, रक्ताने माखलेल्या चादरी त्याच, पण ३८ दिवस गळतात आणि तिचा दावा जवळजवळ मरतो. म्हणून 'किती महिने झाले?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, 'पगार महिन्याचा की रोजाचा? रविवारचे पैसे मिळतात का?' एकाच कामाला कुणी महिन्याचा पगार देतं आणि कुणी रोज देतं. हा फरक कोण ठरवतो आणि कोणत्या जातीच्या कामगाराच्या वाट्याला रोज येतो, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आता रक्कम. समजा तिचा शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता धरून, १५,६०० रुपये. महिन्याच्या पगाराला कायदा २६ ने भागतो, ३० ने नाही. १५,६०० भागिले २६ म्हणजे रोजचे ६०० रुपये. पंधरा दिवसांचे ९,०००. चार पूर्ण वर्षं, आणि पाचवं वर्ष सहा महिन्यांहून जास्त म्हणून पूर्ण, अशी पाच वर्षं. पाच गुणिले ९,००० म्हणजे ४५,००० रुपये. कंत्राटदाराने ३० ने भागलं तर रोजचे ५२० होतात आणि एकूण ३९,०००. सहा हजार रुपये एका भागाकारात गायब. पावती हातात आली की आधी हा आकडा तपासा.

इथे दोन्ही नियम आपापल्या जागी कसे बसतात ते पाहा. २४० दिवसांच्या नियमाने ती पात्र ठरली. त्यानंतर सहा महिन्यांच्या नियमाने पाचव्या वर्षाचे पैसे मिळाले. पहिला नियम पार न करता दुसरा मागणं म्हणजे मालकाला आयता मुद्दा देणं आहे. चार वर्षं सात महिन्यांत साधारण २१३ दिवस भरतात. रविवार धरूनही २४० होत नाहीत. अशा कामगाराला कायद्याचं ज्ञान असलेल्या मित्राने एकच सल्ला द्यायला हवा: अजून दीड महिना थांब, हजेरी चुकवू नकोस, मग राजीनामा दे.

दिवस मोजण्याच्या या लढाईचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच घडला आहे. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या कामगारांचं लालप्पा लिंगप्पा प्रकरण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने निर्णय कामगारांच्या विरोधात दिला. कायम कामगार रजा न घेता गैरहजर राहिला आणि एखाद्या वर्षात त्याचे २४० दिवस भरले नाहीत, तर त्या वर्षाची ग्रॅच्युइटी नाही. बदली कामगारालाही प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचाच हिशेब. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा, काम मिळालं नाही तर घरी परतायचा. काम न मिळण्यात त्याचा दोष नव्हता, पण तो दिवस त्याच्या खात्यात येत नव्हता. आणि गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिलं जात नव्हतं, हे बाबासाहेबांनी एकोणीसशे वीसच्या दशकातच कामगार चळवळीच्या तोंडावर मांडलं होतं. ज्याला वरचं काम नाकारलं जातं त्याच्या वाट्याला अनियमित हजेरी येते, आणि तीच अनियमितता पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा होते.

सोलापूरच्या निकालानंतर संसदेने १९८४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि कलम २-अ आलं. त्याने एक मोठी गोष्ट बदलली. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी, कामगाराचा दोष नसताना बंद पडलेलं काम, आणि रजेशिवायची गैरहजेरीसुद्धा सेवा तोडत नाही. गैरहजेरीने सेवा तुटली असं म्हणायचं असेल तर मालकाने त्या वेळी नियमाप्रमाणे सेवाखंडाचा आदेश काढलेला असला पाहिजे. कामगार निघून गेल्यावर जुनं मस्टर उघडून 'तुम्ही तेव्हा आला नव्हतात' म्हणणं पुरत नाही. त्यामुळे गैरहजेरीचा मुद्दा निघाला की कार्यकर्त्याने शांतपणे एवढंच विचारावं: आदेश दाखवा. पगारी रजा, कामावरच्या अपघाताने घरी राहिलेले दिवस आणि २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा हे तर २४० मध्येच धरायचे असतात.

मालकांनाही हा हिशेब चांगला कळतो. म्हणूनच सात महिन्यांचे नेमणूक आदेश निघतात. सात महिने म्हणजे सुमारे २१० दिवस, २४० च्या तीस दिवस अलीकडे. मग काही दिवसांचा खंड, मग नवा आदेश, कधी त्याच कंत्राटदाराच्या भावाच्या नावाने नवी संस्था. हा योगायोग नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब आहे: कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा. म्हणजे खंडाचा कागद हाच मालकाविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. फक्त तो जपून ठेवलेला असला पाहिजे.

कंत्राटदार बदलला की अडचण खरी आहे, ती लपवू नये. ग्रॅच्युइटीची सेवा एका मालकाकडची मोजली जाते. नवा कंत्राटदार म्हणतो, माझ्याकडे तुझं पहिलं वर्ष. ते खोडायला कंत्राट बनावट आहे, खरा मालक महापालिका किंवा कंपनी आहे, हे सिद्ध करावं लागतं. ते शक्य आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कचरा कामगारांच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने कंत्राटाचा बुरखा फाडला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगारांचा हक्क टिकला. पण तो लढा संघटनेने वर्षानुवर्षं लढला. एकट्या बाईने लेबर ऑफिसच्या खिडकीवर जिंकण्यासारखा तो नाही.

रोजंदारीची वर्षं वाया जातात, हाही असाच दुसरा गैरसमज. छत्तीसगडच्या नेतराम साहू यांनी सरकारी खात्यात बावीस वर्षं रोजंदारीवर काढली, मग तीन वर्षं कायम राहून निवृत्त झाले. सरकार म्हणालं, तीनच वर्षं धरू, पाच होत नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळी पंचवीस वर्षं तीन महिने सेवा मोजली. आता गोळाबेरजेचा नियम लावून पाहा: वरचे तीन महिने सहाहून कमी, ते गळतात, पंचवीस वर्षं उरतात. तीन महिने गेल्याचं दुःख नाही. बावीस वर्षं पुसण्याचा प्रयत्न झाला होता, तो मोठा होता. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही याच कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. 'मानधन' या शब्दामागे लपण्याची सोय त्यामुळे कमी झाली.

काहीजण म्हणतील, आता नवी कामगार संहिता आली, जुना हिशेब कशाला? सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी, अशी जाहिरात सरकारने केली. पण बारकाईने वाचा. ठराविक मुदतीची नोकरी म्हणजे लेखी कराराने दिलेली नोकरी, अशी संहितेची व्याख्या आहे. ज्याच्या हातात कधी कागदच पडला नाही, ज्याची नोकरी मुकादमाच्या वहीत आणि 'उद्यापासून ये' या दोन शब्दांत असते, त्याच्यापर्यंत हा फायदा आपोआप पोहोचत नाही. बाकीच्यांसाठी पाच वर्षांची अट आणि सहा महिन्यांची गोळाबेरीज संहितेतही तशीच आहे. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे त्याला सवलत आणि ज्याच्याकडून कागद हिरावला जातो त्याला जुनीच अट.

माझं म्हणणं असं की पाच वर्षांची अटच सगळ्यांसाठी जायला हवी. ग्रॅच्युइटी म्हणजे मागे राहिलेला पगार. तो कामाच्या दिवसांप्रमाणे मिळाला पाहिजे. लेखी करारवाल्याला प्रमाणशीर देता येतो तर झाडूवाल्यालाही देता येतो. ही मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनात कायमपणाच्या मागणीशेजारी असली पाहिजे. 'एवढ्याशा पैशांसाठी काय भांडायचं, खरा प्रश्न कंत्राटीकरणाचा आणि बुडालेल्या आरक्षणाचा आहे,' असं म्हणणाऱ्या साथींना एकच उत्तर आहे. २४० दिवसांचा जो पुरावा ग्रॅच्युइटीसाठी लागतो तोच कायमपणाच्या दाव्यातही लागतो. लहान हक्कासाठी जमवलेली हजेरी मोठ्या हक्काच्या फाइलमध्ये पहिलं पान होते.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आज सफाईच्या कंत्राटात हे दोन्ही शत्रू एकाच हजेरीपत्रकावर भेटतात: जात काम ठरवते आणि कंत्राट दिवस कापतं. म्हणून हजेरीपत्रक कुणाच्या ताब्यात आहे, हा आपल्यासाठी राजकीय प्रश्न आहे.

प्रत्येक वस्तीत दोन-तीन शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं. कामगाराच्या मोबाइलमध्ये महिन्याच्या शेवटी मस्टरचा फोटो, पगाराची बँकेतली नोंद, पीएफ पासबुक, गेटपास, मुकादमाने पाठवलेले कामाचे संदेश एका ठिकाणी ठेवावेत. कामावर लागल्याची तारीख वहीत लिहावी आणि दरवर्षी त्याच तारखेला मागच्या बारा महिन्यांचे दिवस मोजावेत. वर्ष जानेवारीपासून नव्हे, लागल्याच्या तारखेपासून धरायचं. नोकरी सुटली की तीस दिवसांत मालकाकडे लेखी अर्ज करावा. त्याने नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जावं. मुदत उलटली म्हणून दावा आपोआप मरत नाही, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. मालकाने पैसे थकवले तर त्यावर व्याजही मागता येतं.

आणि तो साडेचार वर्षांचा संदेश ग्रुपवर पुन्हा आला तर त्याखाली एवढंच लिहा: 'पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरलेत का? रविवारचा पगार मिळतो का? हे मोजल्याशिवाय राजीनामा देऊ नका.'

जय भीम.